समष्टी, नमुना-चौकट आणि नमुना
एका शालेय पाहणीच्या आधारे परिचय

एखाद्या पाहणीचा निष्कर्ष चुकला, तर दोष बहुधा नमुन्याच्या लहान आकाराला दिला जातो. प्रत्यक्षात चूक पुष्कळदा त्याआधीच झालेली असते. माहिती कोणाविषयी हवी आहे, त्यांची यादी कोठून घेतली आणि त्या यादीतून प्रत्यक्ष कोणाला विचारले, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. संख्याशास्त्रात त्यांची उत्तरे अनुक्रमे समष्टी, नमुना-चौकट आणि नमुना या संज्ञांनी दिली जातात. या तिघांतील फरक एका शाळेच्या उदाहरणावरून चांगला स्पष्ट होतो.

समजा, एका मोठ्या गावात इयत्ता पाचवी ते दहावीपर्यंतची माध्यमिक शाळा आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मुलेही तेथे शिकतात. शाळेच्या वेळेला जुळणारी एस. टी. बस सुरू व्हावी, अशी पालकांची मागणी आहे. अर्ज करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना एक आकडा हवा आहे : पाच किलोमीटरहून अधिक अंतरावरून येणारे विद्यार्थी किती? सर्वांच्या घरांची खात्रीपूर्वक माहिती काढण्यास वेळ व माणसे नाहीत, म्हणून नमुना पाहणी करण्याचे ठरते.

समष्टी म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढावयाचा तो संपूर्ण समूह. ‘शाळेतील मुले’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या दिवशीची मुले, हेही निश्चित करावे लागते. येथे ‘१ ऑगस्ट रोजी पाचवी ते दहावीच्या वर्गांत दाखल असलेले सर्व विद्यार्थी’ अशी व्याख्या केली आहे. त्या दिवशी आजारी असलेला किंवा पावसामुळे घरी राहिलेला विद्यार्थीही समष्टीत मोडतो, कारण बस त्यालाही हवी आहे.

समष्टी ही कल्पना झाली. निवड करण्यासाठी हातात नावे लागतात. ज्या यादीतून नावे उचलावयाची, ती नमुना-चौकट. शाळेत अशी यादी तयारच असते. सर्व तुकड्यांचे हजेरीपट एकत्र केले, तेव्हा ६४६ नावे भरली. परंतु जनरल रजिस्टरशी ताडून पाहिल्यावर तीन प्रकारच्या चुका आढळल्या. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलेल्या २२ विद्यार्थ्यांची नावे हजेरीपटावर तशीच राहिली होती. तुकडी बदललेल्या ६ जणांची नावे दोन ठिकाणी होती. उलट, जुलैअखेर प्रवेश घेतलेल्या १२ जणांची नावे हजेरीपटावर अद्याप चढलीच नव्हती. पहिल्या दोन प्रकारांतील २८ नावे वजा करून ही १२ मिळविली, की ६३० ही खरी संख्या मिळते.

यांपैकी जादा नावांची चूक पाहणी करताना उघडकीस येते. निवडलेला विद्यार्थी शाळेत नाहीच, हे त्याला शोधू लागताच समजते. गळालेल्या नावांची चूक मात्र आपण होऊन कधीच समोर येत नाही. जो यादीत नाही, त्याची निवड होण्याचा संभव शून्य आणि त्याची उणीव कोणाला जाणवतही नाही. म्हणून चौकट वापरण्यापूर्वी ती दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी ताडून पाहणे, हाच त्यावरचा उपाय होय.

दुरुस्त केलेल्या यादीतून प्रत्यक्ष माहितीसाठी निवडलेली मुले म्हणजे नमुना. येथे दहापैकी एक, म्हणजे ६३ विद्यार्थी घ्यावयाचे ठरले. ६३० नावांना ओळीने क्रमांक दिले. १ ते १० या आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलली, ती ७ निघाली. मग ७, १७, २७ असे करीत ६२७ पर्यंतचे क्रमांक निवडले गेले. निवड कोणाच्या मर्जीवर राहिली नाही आणि यादीतील प्रत्येकाला सारखीच संधी मिळाली.

निवडलेला विद्यार्थी त्या दिवशी गैरहजर असेल, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारून काम भागविता येत नाही. तो शाळेत आल्यावर किंवा त्याच्या घरी जाऊन माहिती घ्यावी लागते. हा आग्रह का, ते पुढील हिशेबावरून दिसेल.

समजा, ६३० पैकी १८० मुले खरोखरच पाच किलोमीटरहून दूर राहतात, म्हणजे शेकडा सुमारे २९. आता कोणी यादीची खटपट टाळून, पावसाच्या एका दिवशी वर्गात हजर असलेल्या मुलांनाच विचारले. जवळच्या ४५० पैकी ४२० मुले आली आहेत. दूरच्या १८० पैकी मात्र ओढ्याला पाणी आल्यामुळे ९० च पोहोचू शकली. हजर मुले एकूण ५१०, त्यांत दूरची ९०, म्हणजे शेकडा सुमारे १८. हेच प्रमाण ६३० ला लावले, तर दूरची मुले १११ भरतात. जवळजवळ ७० मुले कागदावरून नाहीशी झाली आणि तीही नेमकी ज्यांना बसची सर्वाधिक गरज आहे तीच.

येथे नमुना मोठा करून काहीही साधत नाही. हजर असलेल्या सर्वच्या सर्व ५१० मुलांना विचारले, तरी उत्तर शेकडा १८ च येईल. कारण दोष नमुन्यात नसून, हजर मुले हीच चौकट मानण्यात आहे.

योग्य यादीतून घेतलेल्या ६३ जणांच्या नमुन्यातही चूक राहते, पण ती निराळ्या जातीची असते. त्यात दूरची मुले सरासरीने १८ यावीत. एका चिठ्ठीने १५ येतील, दुसरीने २१. बहुतेक वेळा ही संख्या ११ ते २५ यांच्या दरम्यान राहील. ही चूक कधी वर, कधी खाली अशी होते, तिचा अंदाज आधी बांधता येतो आणि नमुना वाढविल्यास ती कमी होते. सदोष चौकटीची चूक मात्र सतत एकाच बाजूला झुकते. पाहणीच्या उत्तरांकडे कितीही बारकाईने पाहिले, तरी ती त्यांतून दिसत नाही.

आता प्रश्न थोडा बदलून पाहावा. ‘दूरचे अंतर हे मुलांच्या शिक्षणात अडसर ठरते काय?’ असे विचारले, तर समष्टीच बदलते. आता शाळेतील विद्यार्थी नव्हे, तर परिसरातील त्या वयाची सर्व मुले विचारात घ्यावी लागतात. अंतरामुळे सातवीनंतर घरी बसविलेली वाडीवरची मुलगी कोणत्याही हजेरीपटावर नाही. जनरल रजिस्टर कितीही अचूक असले, तरी या प्रश्नासाठी ते अपुरेच. तेथे वाड्यावस्त्यांवरील घरांची यादी करून, तीतून घरे निवडावी लागतात. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेली ‘असर’ ही ग्रामीण पाहणी मुलांना शाळेत नव्हे, तर घरी जाऊन भेटते आणि त्यासाठी गावातील २० घरे निवडते. शाळेत न जाणारी मुलेही तिच्या कक्षेत येतात, ती यामुळेच.

म्हणून कोणत्याही पाहणीच्या अहवालात नमुन्याची संख्या वाचण्याआधी, तो कोणत्या यादीतून घेतला हे शोधावे. त्यानंतर, ज्यांच्याविषयी निष्कर्ष सांगितला आहे त्यांपैकी कोण त्या यादीबाहेर राहिले असेल, असे विचारावे. या शाळेच्या बाबतीत त्याचे उत्तर ओढ्यापलीकडच्या वाडीवर आहे.