नाल्यावरील बांधास माती किती लागेल?

नागपुरातील लकडगंज सोडून भंडाऱ्याच्या वाटेने पूर्वेस गेले असता जुन्या मालगुजारी तलावांचा मुलूख लागतो. तेथील मातीच्या पाळी पाहून आपल्याही नाल्यास लहानसा बांध घालावा असे अनेकांच्या मनात येते. परंतु मातीचा अंदाज करताना बांधाची सरासरी उंची घेऊन तिने लांबीस गुणण्याची जी चाल आहे, ती फसवी आहे. कशी, ते पाहू.

समजा, नाला ८० फूट रुंद आहे. बांधाचा माथा सपाट, ४ फूट रुंद ठेवावयाचा आहे. उतार पाण्याच्या बाजूस ३ : १ व बाहेरच्या बाजूस २ : १ आहे, म्हणजे उंची एक फूट वाढली की तळ एका बाजूने ३ व दुसऱ्या बाजूने २, मिळून ५ फूट वाढतो. प्रथम बांधाच्या रेषेवरील गवत, मुळ्या व भुसभुशीत थर काढून टाकावा. मग दर २० फुटांवर खुंट्या मारून, ताणलेल्या सपाट दोरीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी. ती अनुक्रमे ०, ४, ८, ४ व ० फूट भरली असे धरू.

आता प्रत्येक खुंटीशी बांधाचा छेद काढावा. माथा व तळ यांच्या रुंदीची बेरीज करून तिच्या निम्म्यास उंचीने गुणावे. ४ फुटांस तळ २४ फूट, म्हणून छेद ५६ चौरस फूट. ८ फुटांस तळ ४४ फूट, म्हणून छेद १९२ चौरस फूट. उंची दुप्पट झाली, पण छेद साडेतीन पटींच्या जवळ गेला. सरासरी फसते ती येथेच.

खुंट्यांमधील भाग समसंख्य असल्यास पहिला व शेवटचा छेद एकपट, दुसरा व चौथा चौपट, आणि मधला दुप्पट घेऊन बेरीज करावी. ती ८३२ येते. तिला अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे २० भागिले ३ ने, गुणिले असता सुमारे ५,५४७ घनफूट होतात. म्हणजे साडेपंचावन्न ब्रास. सरासरी ४ फूट उंची धरणारास मात्र ५६ गुणिले ८०, म्हणजे ४,४८० घनफूटच दिसतात. दहा ब्रासांहून अधिक माती कमी पडते.

ही तूट बहुधा मध्यभागी, जेथे बांध सर्वांत उंच तेथेच येते. माथा तेथे खचका राहिला की पुराचे पाणी सांडव्याऐवजी त्यावरून वाहते व मातीचा बांध कापून नेते.

वरील आकडा दाबून बसलेल्या मातीचा आहे. गाडीतील सैल माती अधिक लागते. शिवाय बांध पुढे खचतो, म्हणून उंची दहाव्या हिश्श्याने वाढवून तिच्यावरच हिशेब करावा. पाया खोदून भरावयाची चिकण माती निराळी मोजावी. मजुरी ब्रासावर ठरविताना माप खड्ड्यात घ्यावयाचे की बांधावर, हे आधीच लिहून ठेवावे.