फेरिटिन विचारा, नुसतं हिमोग्लोबिन नको

इल्फर्डमध्ये झोप येत नाही म्हटलं, की समोरचा लगेच ड जीवनसत्त्वाची गोळी सुचवतो. जाऊबाईंनी तर पुण्याहून ६०,००० युनिटांची पाकिटं आणली आणि मी घेईना म्हणून तोंड फुगवून बसल्या. मी म्हणत होते, आधी रक्त तपासू द्या.

अंथरुणाला पाठ टेकली की माझ्या पोटऱ्यांत आतून वळवळ सुरू व्हायची. दुखत नसे, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नसे. स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या की थांबायचं, आडवं झालं की पुन्हा तेच. औषधाच्या दुकानात मी हे सांगायला लागले, तर पुरतं ऐकून न घेता झोपेची गोळी पुढे केली. तिच्यात डायफेनहायड्रामिन होतं. त्याने पायांची ही तक्रार वाढू शकते. माझी वाढलीच.

तपासणीचा निकाल आला. 'हिमोग्लोबिन नॉर्मल आहे,' एवढं सांगून दवाखान्यातून फोन ठेवला. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मी मागे लागले म्हणून पाहिलं. ते आलं १९. तेही छापील मर्यादेत, म्हणून पुन्हा 'नॉर्मल'! शेवटी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी कागद हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री पाय शिवशिवतात का?" मला रडू आलं. साठा ३० च्या खाली गेला की लोह कमीच समजतात, आणि पायांची ही तक्रार असेल तर ७५ पर्यंतही लोह देण्याचा विचार करतात. हिमोग्लोबिन घसरतं ते साठा आटल्यावर.

ड निघालं ३८. जाऊबाई म्हणाल्या, "पुण्यात तीसच्या वर चांगलं म्हणतात." पण इथलं माप वेगळं. इथल्या आकड्याला अडीचने भागायचं, म्हणजे पुण्याच्या हिशेबाने माझं जेमतेम १५. कमी खरं, पण त्यासाठी मला रोजची लहान गोळी पुरेशी ठरली. ड कमी असलेल्यांत झोपेच्या तक्रारी जास्त दिसतात, पण ते भरून काढलं की झोप येतेच असं नाही. माझे पाय शांत झाले ते लोहाने, आणि तेही काही आठवड्यांनी.

लोहाची गोळी दिवसातून एकच, रिकाम्या पोटी घ्या; चहा तासभर लांब ठेवा. तापात किंवा आजारात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं वाटल्यावर तपासा. घरात कुणी थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा: त्यात रक्तपेशी लहान दिसतात, पण लोह भरपूर असू शकतं, आणि वरून दिलेलं लोह साचत जातं. मुळात लोह का कमी झालं, हेही विचारा. माझ्या बाबतीत मासिक पाळीचा जास्त रक्तस्राव होता. तोही तोवर कुणी विचारला नव्हता.