पालखीची वेळ पिन करावी की वर्णनात लिहावी?

प्रश्न : आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुहागरातली घरं आहेत, तसे मुंबई-पुण्याचे चाकरमानीही आहेत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी कुठल्या दिवशी कुणाकडे येणार, याचा कार्यक्रम आम्ही ग्रुपवर टाकतो. दोन दिवसांत तो रंगांच्या फोटोंखाली गाडला जातो आणि ‘आमच्याकडे पालखी कधी?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कार्यक्रम पिन करावा की ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवावा?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दोन्ही करा, पण दोन्हींत एकच मजकूर घालू नका. पिनला मुदत असते, वर्णनाला नसते. म्हणून जे संपणार आहे ते पिनमध्ये आणि जे वर्षभर टिकणार आहे ते वर्णनात, अशी वाटणी करावी.

आधी पिन पाहू. मेसेजवर बोट दाबून धरा, मेनूतून `Pin` निवडा, की मुदत विचारली जाते: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. यांखेरीज मधली मुदत मिळत नाही. समजा, कार्यक्रम होळीच्या दहा दिवस आधी ठरला आणि होळीनंतर आठवडाभर पालखी घरोघर फिरणार आहे. म्हणजे साधारण सतरा दिवस झाले. सात दिवसांची पिन होळीच्या आधीच निघून जाईल, नेमकी चाकरमानी रजा टाकून निघायच्या वेळी. इथे ३० दिवसच निवडा आणि पालखी परत देवळात बसली की स्वतः अनपिन करा. पिन गेली तरी मूळ मेसेज ग्रुपमध्ये राहतोच, फक्त वरच्या पट्टीतून उतरतो.

खरी गफलत २४ तासांच्या पिनमध्ये होते. हे तास पिन केल्या क्षणापासून मोजले जातात, त्यांचा तारखेशी संबंध नसतो. ‘उद्या रात्री नऊऐवजी साडेदहाला पालखी’ असा बदल तुम्ही आज संध्याकाळी सातला पिन केलात, तर उद्या संध्याकाळी सातला तो नाहीसा होतो. पट्टीत मग जुना कार्यक्रम एकटाच उरतो आणि त्यात वेळ नऊचीच असते. आपल्याकडे पालखी रात्रीची फिरते, त्यामुळे ही अडचण हमखास येणार. अशा बदलासाठी ७ दिवसांची मुदत घ्या आणि काम झाल्यावर हाताने काढा.

पिन केलेला मेसेज मागाहून दुरुस्त करता येईल, यावर विसंबू नका. पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंतच तो बदलता येतो. नंतर कार्यक्रम बदलला तर पूर्ण कार्यक्रम नव्याने लिहा, तो पिन करा आणि जुना काढा. दोन्ही राहिले तर लोक आधी ज्यावर बोट पडेल तो वाचतात. एका ग्रुपमध्ये तीनच पिन राहतात. चौथी केली की सर्वांत जुनी उतरते, आणि तुमच्याकडे सर्वांत जुनी म्हणजे मुख्य कार्यक्रमाचीच असणार! म्हणून दोनच वापरा, तिसरी जागा अडीअडचणीसाठी मोकळी ठेवा.

पट्टीत निरोपाचा पहिला तुकडाच दिसतो. ‘सर्व ग्रामस्थांना सप्रेम नमस्कार’ने सुरुवात केलीत तर तेवढंच दिसेल. पहिली ओळ ‘पालखी कार्यक्रम : वाडीनिहाय दिवस व वेळ’ अशी असू द्या, नमस्कार शेवटी घाला.

आता वर्णन. इथे २,०४८ अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे जागा पुरेशी आहे. याचा मोठा उपयोग नव्या माणसाला होतो. आज ग्रुपमध्ये आलेल्या सूनबाईंना त्या येण्याआधीचे मेसेज एरवी दिसत नाहीत, त्यामुळे तेव्हा केलेली पिनही त्यांच्या उपयोगाची नाही. वर्णन मात्र त्यांना ग्रुपच्या माहितीत लगेच वाचता येतं. त्यात पालखीसाठी कुणाशी बोलायचं, वर्गणी कुणाकडे द्यायची, ओटी-नैवेद्याबाबत वाडीचा ठराव काय, हे लिहा. तारखा लिहू नका, कारण वर्णनातली तारीख आपणहून कधीच जात नाही आणि पुढच्या शिमग्यात कुणीतरी तीच खरी मानून रजा टाकतो. एक ओळ मात्र जरूर घाला: ‘चालू कार्यक्रम पिनमध्ये पाहा, पिन दिसत नसेल तर ग्रुपवर मागा.’ तसा कुणी मागितला की कार्यक्रम नव्याने टाकून त्याचीच पिन करा. जुनी तेव्हाच काढा.

वर्णन बदललं की जुना मजकूर पुसला जातो, म्हणून त्याची प्रत आधी स्वतःकडे ठेवा. ग्रुपमध्ये सगळ्यांनाच बदलाची मुभा असेल तर कुणाच्याही हातून पिन किंवा वर्णन बदलू शकतं. `Group permissions` मध्ये `Edit group settings` हा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, आणि ॲडमिन दोघं असू द्या: एक गावात राहणारा, एक मुंबईतला. पालखीबरोबर चालणाऱ्याला त्या आठवड्यात फोन हातात घ्यायला सवड नसते, तेव्हा मुंबईतला माणूस बदल टाकू शकतो. ग्रुपवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू आहे का, तेही तपासा. ती चालू असेल तर मूळ मेसेजबरोबर त्याची पिनही जाते, मग मुदत ३० दिवसांची घेतलेली असली तरी.