मोबाइल मनोऱ्याची राखीव वीज : बॅटरीचे तास आणि डिझेलचे तास

मोबाइल दूरध्वनीच्या मनोऱ्यावरील यंत्रसामग्री गावातील विजेच्या तारांवर थेट चालत नाही. तारांतून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या पेटीत शिरतो. तेथे रेक्टिफायर नावाची उपकरणे त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात आणि या प्रवाहावर यंत्रसामग्री चालते. तिचा नाममात्र दाब ४८ व्होल्ट असतो. प्रत्येकी दोन व्होल्टचे शिसे-आम्लाचे चोवीस घट एकापुढे एक जोडून तयार केलेली बॅटरी याच प्रवाहमार्गाला कायमची जोडलेली असते. त्यामुळे वीज जाते त्या क्षणी कोणतीही कळ दाबावी लागत नाही. भार आपोआप बॅटरीवर येतो आणि संभाषण तुटत नाही. बॅटरी एका ठरावीक पातळीपर्यंत उतरली, की नियंत्रक डिझेल जनित्राला चालू होण्याची आज्ञा देतो.

वीज दिवसातून इतके तास जाते, मग बॅटरी केवढी हवी आणि डिझेल किती लागेल, असा प्रश्न सहसा विचारला जातो. मात्र दिवसभरात वीज एकूण किती तास गेली, एवढ्यावरून त्याचे उत्तर देता येत नाही. ती सलग गेली की तुकड्यातुकड्यांनी गेली आणि मधल्या काळात बॅटरी किती भरून निघाली, यावर सारे अवलंबून असते. एका उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल.

बिहारच्या मैदानी प्रदेशातील एखाद्या खेड्याच्या कडेला एक मनोरा आहे आणि दोन कंपन्यांची यंत्रे त्यावर आहेत, असे समजू. यंत्रे उघड्यावरच्या पेट्यांत बसविलेली असल्यामुळे वातानुकूलनाचा भार नाही. एकूण भार ३ किलोवॅट, म्हणजे ३,००० वॅट. त्याला ४८ व्होल्टने भागले असता ६२.५ अँपिअर एवढा प्रवाह येतो. भाराचा हा आकडा यंत्रांवरील पट्टीवरून घेऊ नये, कारण तेथे कमाल भार लिहिलेला असतो. पेटीतील अँपिअरमापीवर तो प्रत्यक्ष पाहावा आणि वीज ज्या वेळी जाते त्याच वेळचा पाहावा. सायंकाळी संभाषणे वाढतात, तेव्हा पहाटेपेक्षा भार अधिक असतो.

बॅटरीची क्षमता ६०० अँपिअर-तास आहे. याचा अर्थ, ठरावीक तापमानाला ती ६० अँपिअर प्रवाह दहा तास देऊ शकते. याहून वेगाने वीज काढली तर एकूण मिळकतही घटते. तीच बॅटरी तीन तासांत रिकामी करावयाची झाल्यास तिच्यातून सुमारे सत्तर टक्केच वीज हाती लागते. येथील प्रवाह ६० अँपिअरच्या जवळ असल्याने ही वजावट करण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या दोन वजावटी टाळता येत नाहीत. वापराने बॅटरीची क्षमता घटत जाते आणि ती मूळच्या ऐंशी टक्क्यांवर आली, की बॅटरी बदलण्याची वेळ झाली असे मानतात. हिशेब त्या अखेरच्या दिवसाचा करावयाचा, म्हणून ६०० ऐवजी ४८० अँपिअर-तास धरावयाचे. शिवाय रोज पूर्ण उतरविलेली शिसे-आम्लाची बॅटरी फार काळ टिकत नाही. रोजच्या वापरात ती निम्म्यापर्यंतच उतरवावी, असे ठरविले तर हाती २४० अँपिअर-तास उरतात. त्यांना ६२.५ ने भागले की ३.८४ तास, म्हणजे सुमारे तीन तास पन्नास मिनिटे येतात. ६०० ला ६२.५ ने भागून साडेनऊ तासांचे उत्तर काढणारा येथेच फसतो.

आता भरण्याची बाजू पाहू. बॅटरी भरताना तिच्यात क्षमतेच्या एक दशांशाएवढा, म्हणजे ६० अँपिअर प्रवाह सोडला जातो, असे धरू. घेतलेली सर्व वीज बॅटरी परत देत नाही. थोडी उष्णतेत आणि रासायनिक क्रियेत वाया जाते. शिवाय बॅटरी भरत आली, की ती प्रवाह कमी कमी घेऊ लागते. त्यामुळे ६० अँपिअरने भरूनही तासाला सरासरी ५० अँपिअर-तासच उपयोगी पडतात, असे मानणे सुरक्षित आहे.

या मनोऱ्यावर वीज रोज एकूण बारा तास जाते. पहिल्या प्रकारात ती तीन वेळा, प्रत्येकी चार तास जाते आणि दोन खंडांच्या मध्ये चार तास येते. दर खंडात यंत्रांना २५० अँपिअर-तास लागतात, तर वीज असलेल्या चार तासांत बॅटरीत २०० च भरले जातात. दर फेरीला ५० ची तूट पडते, आणि ही तूट भरून काढणे हेच जनित्राचे काम होय. जनित्र एक तास चालले तर दोन लाभ होतात. त्या तासात बॅटरीतून जाणारे ६२.५ अँपिअर-तास वाचतात आणि ५० नव्याने भरले जातात. एकूण लाभ ११२.५. तेव्हा ५० ला ११२.५ ने भागावे, उत्तर ०.४४ तास, म्हणजे दर खंडाला सुमारे सत्तावीस मिनिटे. दिवसाकाठी जनित्र एक तास वीस मिनिटे चालेल.

दुसऱ्या प्रकारात तेच बारा तास सलग आहेत : संध्याकाळी सहाला वीज गेली ती सकाळी सहाला आली. बारा तासांची गरज ७५० अँपिअर-तास. बॅटरीतील २४० वजा जाता ५१० उरतात. त्यांना ११२.५ ने भागले की ४.५३ तास, म्हणजे सुमारे साडेचार तास जनित्र चालले पाहिजे. बॅटरी प्रथम पावणेचार तासांहून थोडा अधिक वेळ भार सांभाळील, मग जनित्र साडेचार तास चालून तिला बरीचशी भरील आणि उरलेली रात्र पुन्हा बॅटरीवर निघेल. दिवसाच्या बारा तासांत बॅटरी भरून घेण्यास पुरेसा अवकाश आहे. वीज दोन्ही प्रकारांत बारा तासच गेली, परंतु जनित्राचे तास तिपटीहून अधिक झाले.

जनित्र चालविण्याच्या पद्धतीचाही येथे विचार करावा लागतो. बॅटरी उतरल्यावर ते सकाळपर्यंत नुसते भारावर चालू ठेवले, तर आठ तास दहा मिनिटे चालेल. १५ किलोव्होल्ट-अँपिअरच्या जनित्रावर यंत्रांचा एकटा भार त्याच्या शक्तीच्या जेमतेम पाव हिश्शाएवढा होतो. अशा हलक्या भारावर डिझेल पूर्ण जळत नाही, धुराड्यात काळे तेलकट द्रव्य साचते आणि प्रत्येक युनिटमागे इंधन अधिक लागते. बॅटरीही त्याच वेळी भरून घेतली तर भार सुमारे साठ टक्क्यांवर जातो. तासाला तेल अधिक लागते हे खरे, पण तास जवळजवळ निम्मे होतात. साधारण अडीच लिटर दर तासाला धरल्यास साडेचार तासांना सव्वाअकरा लिटर डिझेल लागेल. पहिल्या प्रकारात हाच खर्च तीन-साडेतीन लिटर होता.

आता बॅटरी दुप्पट केली तर काय होईल? सलग खंडाच्या प्रकारात लाभ उघड आहे. २४० ऐवजी ४८० अँपिअर-तास हाती आल्याने तूट २७० वर येते आणि जनित्राचे तास साडेचारांवरून सुमारे अडीचवर उतरतात. तुटक खंडाच्या प्रकारात मात्र काहीच फरक पडत नाही. तेथील हिशेबात लागणारी वीज आणि भरली जाणारी वीज एवढेच दोन आकडे होते. बॅटरीचा आकार त्यात कोठेच आला नव्हता. हौद कितीही मोठा बांधला तरी नळाची धार तेवढीच असेल, तर रोज उपसण्याजोगे पाणी वाढत नाही. तेथे धार वाढवावी लागते. भरण्याचा प्रवाह ६० वरून ८० अँपिअर केला, तर जनित्राचे काम जवळजवळ संपतेच. तेवढा प्रवाह बॅटरीला मानवतो की नाही हे तिच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेवरून आणि हवेतील उष्म्यावरून ठरवावे लागते.

मनोऱ्यावरचा एक नेहमीचा दोष याच कारणाने ओळखता येत नाही. दोन किलोवॅटचा एक रेक्टिफायर भरण्याच्या दाबावर सुमारे ३७ अँपिअर देतो. असे चार असतील तर १४८ अँपिअर मिळतात. त्यांतून भाराचे ६२.५ आणि बॅटरीचे ६० सहज भागतात. एक रेक्टिफायर बंद पडला तर १११ उरतात. यंत्रे व्यवस्थित चालू राहतात, म्हणून कोणाला काही जाणवत नाही. मात्र बॅटरीच्या वाट्याला ६० ऐवजी ४८ च अँपिअर येतात. उपयोगी भरणा तासाला ४० वर येतो, दर खंडाची तूट ९० होते आणि जनित्र दिवसाला एक तास वीस मिनिटांऐवजी दोन तास अडतीस मिनिटे चालू लागते. डिझेल दुप्पट लागू लागले, की बॅटरी म्हातारी झाली असा निष्कर्ष काढून ती बदलली जाते. नव्या बॅटरीनेही खर्च उतरत नाही.

दोष कोठे आहे हे दोन वेळच्या नोंदीवरून कळते. वीज परत आल्यावर लगेच बॅटरीत जाणारा प्रवाह पाहावा. तो ठरविलेल्या ६० पेक्षा बराच कमी असेल तर रेक्टिफायर तपासावेत. पुढचा खंड सुरू होण्यापूर्वी तोच प्रवाह पुन्हा पाहावा. दाब ५४ व्होल्टच्या आसपास स्थिर होऊन प्रवाह पाच-दहा अँपिअरवर उतरला असेल तर बॅटरी भरली आहे. उतरला नसेल तर ती अर्धवट भरलेली आहे. दिवसेंदिवस अशा स्थितीत राहिलेल्या बॅटरीच्या पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बसतात आणि गमावलेली क्षमता पुढे परत मिळत नाही. म्हणून तुटक पुरवठ्याच्या मनोऱ्यावर ठरावीक दिवसांनी जनित्र मुद्दाम अधिक वेळ चालवून बॅटरी काठोकाठ भरून घ्यावी लागते. याउलट, बॅटरीत प्रवाह पुरेसा जातो, ती लवकर भरते आणि तितक्याच लवकर उतरतेही, असे दिसले तर बॅटरीच खरोखर जीर्ण झालेली असते.

प्रत्येक जनित्रावर तासमापी असतो. महिन्याचे तास दर तासाच्या खपाने गुणून त्याचा भरलेल्या डिझेलशी मेळ घालावा. तास हिशेबाप्रमाणे असून डिझेल अधिक लागले असेल, तर इंजिन तपासावे किंवा टाकीवर लक्ष ठेवावे. तासच हिशेबापेक्षा अधिक भरले असतील, तर आधी वीज जाण्याच्या वेळांची नोंद पाहावी. खंड लांबले आहेत की त्यांच्यामधील अंतर कमी झाले आहे, हे तीत दिसेल. पहिल्या स्थितीत बॅटरी वाढवावी आणि दुसऱ्या स्थितीत ती भरण्याची व्यवस्था वाढवावी.