श्रीलंकेत दवाखान्यात जायची वेळ आली तर

अनुराधपूरचा महाबोधी वृक्ष आणि मिहिंतलेचा डोंगर पाहायला आपल्या वस्त्यांतून आता धम्म सहली जातात. बरोबर बहुधा साठीच्या पुढची माणसे असतात. म्हणून आधीच सांगतो, महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड परदेशात चालत नाही. तिथे उपयोगी पडतो तो फक्त प्रवास विमा. टूरवाल्याने तो काढला असेल तर पॉलिसीची प्रत निघण्याआधी मागून घ्यावी.

समजा, ६२ वर्षांच्या एक आजी मिहिंतलेच्या पायऱ्यांवर पाय घसरून पडल्या. उभे राहता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले आहे. ही खुब्याचे हाड मोडल्याची खूण आहे. त्यांना उठवून चालवू नये. ऑपरेशन लागू शकते, म्हणून चहा-पाणीही देऊ नये. १९९० हा नंबर लावावा. ही श्रीलंकेची सरकारी रुग्णवाहिका सेवा आहे, तिचे पैसे लागत नाहीत. ती जवळच्या सरकारी दवाखान्यात नेते. जीव सांभाळायचा असताना आधी तिथेच जावे, विम्याच्या यादीतले हॉस्पिटल शोधत बसू नये.

पेशंट डॉक्टरांच्या ताब्यात गेला की लगेच दुसरा फोन करायचा. पॉलिसीवर विमा कंपनीच्या मदत केंद्राचा चोवीस तासांचा नंबर छापलेला असतो. घरून निघतानाच तो देशाच्या कोडसह दोघांच्या मोबाईलमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवावा. फोनवर पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, दवाखान्याचे नाव, वॉर्ड आणि सोबतच्या माणसाचा नंबर सांगावा. ते क्लेम नंबर देतील, तो लिहून घ्यावा. किती तासांत कळवायचे हे पॉलिसीत लिहिलेले असते. उशीर झाला की पुढे त्यावरूनच वाद निघतो.

सरकारी दवाखान्यात कॅशलेस मिळेलच असे धरून चालू नये. ऑपरेशनसाठी कोलंबोच्या खासगी हॉस्पिटलमध्ये हलवायचे ठरले तर आधी मदत केंद्राची मंजुरी घ्यावी. मंजुरीशिवाय केलेल्या रुग्णवाहिकेचा खर्च अंगावर पडू शकतो. कोणते हॉस्पिटल कॅशलेस घेईल हेही त्यांनाच विचारावे.

कॅशलेस म्हणजे नुसते कार्ड दाखवणे नव्हे. हॉस्पिटल डॉक्टरांचा रिपोर्ट आणि खर्चाचा अंदाज मदत केंद्राला पाठवते, ते तपासून पैशांची हमी देणारे पत्र हॉस्पिटलला पाठवतात. पत्र येईपर्यंत हॉस्पिटल डिपॉझिट मागू शकते. भरावे लागले तर पावती घ्यावी आणि पत्र आल्यावर ते परत मागावे. समजा बिल ४,००० डॉलर झाले आणि पॉलिसीत १०० डॉलरची वजावट लिहिली आहे, तर ते १०० डॉलर आणि सोबतच्या माणसाच्या जेवणासारखा खर्च आपण भरायचा.

केसपेपरवर काय लिहिले जाते ते नीट पाहावे. आजींना शुगर असेल तर लपवू नये, चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. पण पडण्याचे कारण ओल्या दगडावर पाय घसरणे असेल तर तेच स्पष्ट लिहून घ्यावे. नुसते ‘चक्कर येऊन पडल्या’ असे लिहिले गेले, तर जुन्या आजारामुळे झाले म्हणून कंपनी क्लेम अडवू शकते. जुने आजार विम्याच्या फॉर्मवर आधीच लिहिलेले असावेत.

दवाखाना सोडताना पहिल्या तपासणीचा कागद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, प्रत्येक खर्च वेगळा दाखवणारे बिल आणि पैसे भरल्याच्या पावत्या घ्याव्यात. बिल आणि पावती हे दोन वेगळे कागद आहेत. बिलावरून खर्च कळतो, पैसे आपण भरले हे पावतीवरूनच ठरते. सगळ्यांचे फोटो काढून घरी पाठवावेत. विमानाचा बोर्डिंग पासही फेकू नये. तो आणि पासपोर्टवरचे शिक्के यांवरून अपघात विम्याच्या मुदतीत झाला हे दिसते.

घरी आल्यावर क्लेम फॉर्म, पॉलिसी, पासपोर्टची प्रत आणि बँकेचा रद्द केलेला चेक यांसह मूळ कागद कंपनीत द्यावेत. आपल्याकडे झेरॉक्सचा पूर्ण संच ठेवावा आणि पोच घ्यावी. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागावे व कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. लागतात ते हेच जपून ठेवलेले कागद.