भातखाचरातील पेडेरस भुंगेरा : पिकाचा मित्र, त्वचेला दाहक

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर किंवा दंडावर लाल, जळजळणारा पट्टा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक फोड येतात. भातपट्ट्यात अशी तक्रार आली की कोणी त्यास नागीण म्हणतो, तर कोणी कसला तरी किडा चावला असे सांगतो. अनेकदा कारण तिसरेच असते. पेडेरस नावाचा लहान भुंगेरा अंगावर चिरडला गेलेला असतो.

ओळख

हा भुंगेरा सुमारे ७ ते १० मि.मी. लांब, बारीक आणि प्रथमदर्शनी मोठ्या मुंगीसारखा दिसतो. डोके काळे, वक्ष नारिंगी, त्यामागे निळसर-हिरवट चकाकीचे आखूड पंख, पोट नारिंगी आणि शेवटचे टोक काळे, असा त्याचा रंगक्रम असतो. तो चपळपणे धावतो व डिवचल्यास पोटाचे टोक विंचवासारखे वर उचलतो. मात्र त्याला नांगी नसते आणि तो माणसाला चावतही नाही.

ओलसर माती हे त्याचे घर होय. मादी तेथेच अंडी घालते, म्हणून पावसाळ्यात त्याची संख्या वाढते. भाताच्या चुडात फिरून तो तुडतुड्यांची पिल्ले व लहान अळ्या खातो. म्हणजेच खाचरात तो मित्रकीटक आहे.

दाह कशामुळे होतो?

त्याच्या शरीरद्रवात पेडेरिन हे विष असते. ते भुंगेरा स्वतः तयार करीत नाही, तर मादीच्या शरीरात राहणारे सहजीवी जिवाणू तयार करतात. भुंगेरा अंगावरून नुसता चालत गेल्यास सहसा काही होत नाही. तो चिरडला गेला तरच द्रव त्वचेवर पसरतो. पेडेरिन पेशींतील प्रथिननिर्मिती थांबवते. पेशी लगेच मरत नाहीत, म्हणून लक्षणे साधारणतः १२ ते ४८ तासांनी उमटतात. या विलंबामुळेच खरे कारण ध्यानात येत नाही.

उदाहरणादाखल असे समजा, की एक शेतकरी रात्री नऊला पडवीत दिव्याखाली बसला आहे. मानेवर काही वळवळले म्हणून तो हाताने पुसून टाकतो आणि विसरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मानेवर हात फिरला त्याच दिशेने लाल पट्टा उमटतो व आग होऊ लागते. तिसऱ्या दिवशी पट्ट्यावर फोड येतात. तीच बोटे डोळ्याला लागली असल्यास पापणीही सुजते. द्रव कोपराच्या खोबणीत लागला असता, तर हात दुमडल्यावर समोरासमोरच्या दोन्ही बाजूंवर जुळे चट्टे उठले असते. पुढे खपली धरते, एक-दोन आठवड्यांत जखम भरते आणि काळसर डाग काही काळ राहतो.

नागिणीत बहुधा वेदना आधी सुरू होते आणि फोड शरीराच्या एकाच बाजूस मज्जातंतूच्या मार्गाने पुंजक्यांनी येतात. पेडेरसचा पट्टा मात्र उघड्या अंगावर, हात फिरला तसा वेडावाकडा असतो. शंका असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

काय करावे?

भुंगेरा अंगावर दिसल्यास फुंकर मारून किंवा कागदावर चढवून दूर करावा. चिरडला गेल्यास लक्षणांची वाट न पाहता ती जागा, हात व नखे लगेच साबण-पाण्याने धुवावीत. कपडे व उशीची खोळही धुवावी. फोड आल्यास थंड ओल्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात आणि फोड फोडू नयेत. चुना, राख किंवा झाडपाल्याचा रस लावल्यास जखम चिघळते. दाह कमी करणारे स्टिरॉइड मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे. पू झाल्यास किंवा ताप आल्यास वेगळे उपचार लागतात. डोळ्यास द्रव लागल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. फोडांतील पाण्यामुळे हा विकार दुसऱ्यास होत नाही, त्यामुळे रुग्णास वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

घराचे संरक्षण, खाचराचे नव्हे

जुलै २०२२ मध्ये सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुमारे शंभर विद्यार्थ्यांना हा त्रास झाला. मलेशियातील पेनांग येथे भातशेतीलगतच्या इमारतींत कापणीनंतर हे भुंगेरे मोठ्या संख्येने शिरतात. पीक निघाले की निवारा संपतो आणि रात्रीचा पांढरा प्रकाश त्यांना घराकडे ओढतो. म्हणून खाचरालगतच्या घरांनी व वसतिगृहांनी पावसाळ्यात, आणि विशेषतः कापणीच्या दिवसांत, दक्ष राहावे. संध्याकाळी खिडक्यांना बारीक जाळी असावी, बाहेरचे अनावश्यक दिवे बंद ठेवावेत, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे लावावेत आणि दिव्याच्या थेट खाली झोपू नये. मच्छरदाणीही उपयोगी पडते.

यासाठी खाचरात कीटकनाशक फवारू नये. तसे केल्यास तुडतुड्यांचे भक्षक मरतात व तुडतुडे वाढू शकतात. प्रकाश सापळा लावणाऱ्यांनी तो घरापासून दूर ठेवावा. त्यात पेडेरसही अडकतात, म्हणून सापळा रिकामा करताना हातमोजे घालावेत.