बोनसचा पैसा फुकटचा असतो काय?

रुपया कोठून आला हे त्याच्यावर लिहिलेले नसते. माणूस मात्र ते मनात लिहून ठेवतो. पगाराचा रुपया एका डब्यात, बोनसचा किंवा भेटीचा दुसऱ्या डब्यात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी या सवयीचा अभ्यास ‘मानसिक हिशेब’ या नावाने मांडला. त्यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

थेलर व एरिक जॉन्सन यांनी 1990 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकतेच 30 डॉलर जिंकलात असे समजा. आता नाणेफेकीवर 9 डॉलर लावाल काय? 70 टक्के लोक ‘हो’ म्हणाले. आधी 30 डॉलर हरलात असे सांगून हीच पैज पुढे ठेवली, तेव्हा 40 टक्केच तयार झाले. जिंकलेल्या रकमेतून गेलेला पैसा ‘आपला’ वाटत नाही, म्हणून तो बोचत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार; फक्त इथे हलवाई आपणच असतो.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे हा सिद्धांत मी कामगारवस्तीतल्या हिशेबाला लावून पाहिला. समजा, महिना 7,000 रुपये धरून बोनस काढला. वर्षाचे 84,000, त्यावर कायद्याचा किमान दर 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 7,000 रुपये. हा तर तेरावा पगारच झाला! त्यातले 2,000 दिवाळीच्या तीनपत्तीत गेले, तर कामगार म्हणतो, “बोनसचेच होते.” पण त्याच घरावर शेकडा दोन रुपये महिना व्याजाचे 6,000 कर्ज असते. तेच 2,000 तिकडे भरले असते तर महिना 40, वर्षाला 480 रुपये व्याज वाचले असते. फुकटचा डाव 2,480 रुपयांना पडला.

यावर उपाय डबे मोडण्याचा नाही. माझी आई फीचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवते, म्हणूनच ते वाचतात. खोट बिननावाच्या डब्यात आहे. म्हणून पैसा हाती येण्यापूर्वीच त्याला नाव द्यावे: इतके कर्जाला, इतके फीला, इतके सणाला. मग रकमेचे दिवस करावेत. महिन्याचे 26 दिवस काम धरले तर 2,000 रुपये म्हणजे सुमारे साडेसात दिवसांची मजुरी. शेवटी एकच प्रश्न विचारावा: हीच रक्कम मी पगाराच्या पाकिटातून काढून डावावर लावली असती काय?

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. हे प्रश्न डाव सुरू होण्यापूर्वीच उपयोगी पडतात. हरल्यावर माणूस एरवी सावध होतो. पण ‘गेलेले सारे भरून निघेल’ अशी पैज समोर आली की तोच पुन्हा धोका पत्करतो, हेही याच संशोधनात दिसले.

वर्षअखेर आपल्याला ग्रंथालयाची अनामत परत मिळते. ती भेट नव्हे. जूनमध्ये घरच्यांनीच भरलेला तो पैसा असतो.